भाग २३ : ऋतुजा, रेडा आणि मंचरकर

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

आज विषय माझ्या मामेबहिणीमुळे आलाय. ती घोडेगावची, आंबेगाव तालुका. कॉलेजला मंचरला जाते, गाते. गेल्या वर्षी तिने स्वतःचं पहिलं गाणं रेकॉर्ड केलं, पैसे भरून एका सर्व्हिसमार्फत सगळ्या म्युझिक ॲपवर टाकलं, आणि कलाकाराच्या नावाच्या रकान्यात लिहिलं, Rutuja. बस्स, एवढंच.

दोन दिवसांनी गाणं आलं. पण आलं ते दुसऱ्याच एका ऋतुजाच्या पेजवर. तिथे आधीच कुणाचीतरी भजनं होती, वर वेगळ्याच मुलीचा फोटो होता, आणि मधोमध आमच्या बाईंचं ब्रेकअपचं गाणं. गावातल्या लोकांनी शोधलं, फोटो बघितला, "ही आपली नाही" म्हणून बंद केलं. जे काही प्ले झाले ते त्या दुसरीच्या खात्यावर. मेल करून, पुरावे पाठवून ते सुधारायला जवळपास पाच आठवडे गेले. तोपर्यंत पहिल्या आठवड्याचा उत्साह संपला होता.

ती रडवेली होऊन मला म्हणाली, "दादा, तू सॉफ्टवेअरवाला ना, काहीतरी कर." मी म्हटलं, यात सॉफ्टवेअरचा दोष अर्धाच आहे. सिस्टिमला फक्त सहा अक्षरं दिलीस तर ती सहा अक्षरंच जुळवणार. (पहिल्यांदा गाणं टाकताना "नवीन कलाकार" असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. तो न निवडता पुढे गेलं की त्याच नावाच्या जुन्या पेजला गाणं चिकटू शकतं. ज्यांचं गाणं अजून टाकायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा.) पण खरा प्रश्न नावाचा होता. आणि नावाच्या बाबतीत मी स्वतः आधी तोंडावर आपटलेलो आहे, ते आधी सांगतो.

मी आळ्याचा. जुन्नर तालुक्यातलं आळे. ज्ञानेश्वर महाराजांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले त्याची समाधी आमच्या गावात आहे. अशा गावात मुलगा जन्मला तर नाव काय ठेवणार? ज्ञानेश्वर. बीटेकला असताना मला स्टँडअपचं वेड लागलं. पहिल्या ओपन माइकला फॉर्मवर लिहिलं Dnyaneshwar. होस्ट मराठी नव्हता. त्याने कागद हातात घेतला, थांबला, आणि म्हणाला, "प्लीज वेलकम... डि... डिन्या... डिन्यानेश्वर." हॉल हसला. माझ्या त्या सेटमधलं ते सगळ्यात मोठं हसू होतं, आणि मी अजून स्टेजवर चढलोसुद्धा नव्हतो.

त्याचा दोष नाही. "ज्ञ" आपण द्न्य म्हणतो म्हणून dny लिहितो. हिंदीवाले ग्य म्हणतात म्हणून gy लिहितात. तोंडाने "ज्ञानू" म्हटलं तर आपला माणूस Dnyanu टाइप करतो आणि बाहेरचा Gyanu. म्हणजे एकच नाव कानातून अंगठ्यापर्यंत जाताना फुटतं, आणि डोळ्यातून तोंडापर्यंत येताना परत फुटतं.

मग मी हुशारी केली. गावाचं नाव लावू म्हटलं. आळेकर! पण सतीश आळेकर नावाचे एवढे मोठे नाटककार आहेत, 'महानिर्वाण'वाले. कॉलेजच्या नाटकमंडळींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "त्यांचा कोण रे तू?" शिवाय गावाचं स्पेलिंग Ale. माझा बंगळुरूचा रूममेट ते "एल" वाचायचा, बिअरचा प्रकार असतो तो. आळेफाट्याच्या पाटीखाली त्याने फोटो काढून घेतला होता.

तिसरं नाव मात्र मला अजून आवडतं. रेडा. छोटं, दणकट, गावाशी नातं असलेलं, एकदा ऐकलं की विसरणार नाही. आजीला सांगितलं. आजी शांतपणे म्हणाली, "त्या समाधीला लोक डोकं टेकवतात आणि तू त्या नावानं शिव्या देणार?" संपला विषय. खरं सांगायचं तर आजीने मला वाचवलं, कारण Reda हे अरबी भाषेत मुलांचं नाव आहे. सर्च केल्यावर जगभरचे रेडा आले असते आणि मी कुठेतरी पन्नासाव्या पानावर.

शेवटी Dnyanu नावाने चालवलं. एक क्लिप व्हॉट्सॲपवर बरी फिरली, पण क्लिपवर नाव नव्हतं, फक्त मी शेवटी तोंडाने म्हणतो, "मी ज्ञानू." नाशिकच्या एका कॉलेजवाल्यांना मला बोलवायचं होतं, ते Gyanu शोधत बसले. हे मला आठ महिन्यांनी कळलं, एका मित्राच्या लग्नात. ते अकाउंट अजून आहे. ४१ फॉलोअर, त्यातले नऊ घरचे.

असो. तर बहिणीचं नाव ठरवायला बसलो तेव्हा मी म्हटलं, आधी आपल्याच भागात बघू. कारण स्टेजचं नाव हा प्रकार नारायणगावाला शिकवायची गरज नाही. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात गेलायत का कधी? जत्रांच्या सुपाऱ्या घ्यायला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, प्रत्येकीवर बोर्ड. गावोगावचे पुढारी येतात, बोर्ड वाचतात, आत जातात, तारीख ठरते. म्हणजे धंदा त्या बोर्डावरच्या नावावर चालतो.

आणि ती नावं कशी असतात बघा. मंगला बनसोडे. चंद्रकांत ढवळपुरीकर. रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. त्या "सह" मध्ये आई आणि मुलगा दोघांची ओळख एका पाटीवर आली. आणि सगळ्यात वर, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९३५ साली पंढरपुरात जन्म, म्हणून विठा हे नाव, असं सांगतात. फड वडील आणि काकांचा, भाऊ-बापूंचा. पुढे त्यांना दोनदा राष्ट्रपती पदक मिळालं.

ते नाव तुकड्यातुकड्याने बघा. विठाबाई ही हाक. अशा विठाबाई गावोगाव होत्या. भाऊ म्हणजे वडील, मांग म्हणजे जात, दोन्ही न लपवता पाटीवर. आणि शेवटी नारायणगावकर, म्हणजे कुठली विठाबाई याचं उत्तर. २००२ ला त्या गेल्या, नंतर २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशातल्या कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. त्या पुरस्काराच्या नावात विठाबाई आहे आणि नारायणगावकर आहे, मधलं गळालंय. ते गळावं का, हा वेगळा वाद आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. पण नावाच्या कामापुरतं बघितलं तर लोकांच्या तोंडात दोनच तुकडे टिकले, हाक आणि गाव.

"कर"ची अजून एक गंमत. माइकवर पुकारताना शेवटचा भाग ओढता येतो. "नारायणगावकऽऽऽर." भोंग्यातून अर्धं नाव वाऱ्याने नेलं तरी शेपूट ऐकू येतं. ही नावं कानासाठी आणि देवनागरी बोर्डासाठी एकदम फिट आहेत.

अडचण एकच. आज तुमचं नाव ऐकणारा माणूस बोर्ड वाचत नाही. तो रोमन कीबोर्डवर टाइप करतो.

इथे मी बहिणीला म्हटलं, अंदाज नको, टेस्ट करू. दहा माणसं घेतली, तिला अजिबात न ओळखणारी. सहा मराठी, चार माझ्या ऑफिसातली बाहेरची: कानपूर, हैदराबाद, कोची, कोलकाता. घोडेगावच्या एका कार्यक्रमात निवेदकाने तिचं नाव पुकारलं होतं, मागे गोंगाट होता, तीच क्लिप व्हॉइस नोट म्हणून पाठवली. अट अशी की एकदाच ऐकायचं आणि जे ऐकलं ते टाइप करायचं. स्वच्छ खोलीत हळूहळू नाव सांगून काहीच कळत नाही, कारण स्टेजवर कुणी तसं सांगत नाही.

नाव होतं, ऋतुजा घोडेगावकर.

मराठीवाल्यांपैकी पाचांनी Rutuja लिहिलं, एकाने Hrutuja. कानपूरवाल्याने Rituja, कारण त्यांच्याकडे ऋ म्हणजे रि. गोंगाटात त्याला "रु" ऐकू आला असणार, पण डोक्याने ओळखीचं करून घेतलं. हैदराबादची मुलगी आणि कोचीचा मुलगा दोघांनी Ruthuja लिहिलं, कारण तिकडे त साठी th लिहितात, t म्हणजे ट. हे मला खरंच आधी सुचलं नव्हतं. कोलकात्याने Rutuja.

आडनावाने तर कहर केला. Ghodegaonkar, Ghodegavkar, Ghodegaavkar, Ghodgaonkar, Godegaokar... "गाव" या एका शब्दाची आपण किती स्पेलिंग करतो मोजा: gaon, gav, gaav, gaw, gao. पाच. सुरुवातीला gh की g, दोन. मधला "डे" ऐकू आला की नुसता "ड", दोन. पाच दुणे दहा, दहा दुणे वीस. आणि पहिल्या नावाची चार रूपं. वीस चोक ऐंशी. बरोबर स्पेलिंग नक्की किती जणांचं आलं? दहातल्या तिघांचं. तिघेही मराठी.

तुम्ही म्हणाल, सर्च इंजिन चुका दुरुस्त करतं की. करतं, पण ज्यांना आधीच लाखो लोक शोधतात त्यांच्यासाठी. निवृत्ती महाराजांचं बघा. कुणी इंदुरीकर लिहितं, कुणी इंदोरीकर, रोमनमध्ये Indurikar आणि Indorikar दोन्ही. काही फरक पडत नाही, दोन्हीकडून तेच येतात. (त्यांचं मूळ आडनाव देशमुख. आणि 'गाढवाचं लग्न' गाजवणारे दादू इंदुरीकर हे मावळातल्या इंदुरीचे. नाव एकसारखं, गावं दोन.) पण तुमचे ४१ फॉलोअर असतील तर सर्चला चुकीचं स्पेलिंग दुरुस्त करायला हाताशी काहीच नसतं. ते तुम्हाला सरळ दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवतं.

मग उलटी टेस्ट. आता स्पेलिंग पाठवायचं आणि म्हणायचं, वाचून व्हॉइस नोट पाठव. कारण बाहेरच्या कॉलेजात होस्ट तुमचं नाव कागदावरून किंवा फोनवरून वाचणार आहे. या दोन टेस्ट वेगळ्या का ठेवायच्या, ते काळू-बाळूंवरून कळतं. कवलापूरचे जुळे भाऊ, खरी नावं लहू आणि अंकुश, वगातल्या पात्रांवरून काळू-बाळू झाले आणि तेच राहिले. हे नाव कुणालाही ऐकवा, Kalu Balu च टाइप करणार, कारण ळ ला l शिवाय पर्यायच नाही. पण तेच मराठी न येणाऱ्याला वाचायला द्या, तो कालू-बालू म्हणणार. म्हणजे ळ असलेलं नाव शोधायला सोपं, पुकारायला अवघड. ऋ च्या नावाचं उलट. Rutuja सगळ्यांनी बरोबर वाचलं, फक्त ऐकून लिहिताना फुटलं. तुम्हाला कुठली चूक परवडते ते तुमच्या कामावर आहे. स्टँडअपवाल्याला पुकारण्यातली चूक चालून जाते, तो त्यावर जोक करतो. मी नाही केला, पण करता आला असता. गाणाऱ्याचं गाणं मात्र लोक नंतर शोधतात, त्यामुळे तिला लिहिण्यातली चूक महागात पडते.

आता पर्यायांकडे. तिची मैत्रीण म्हणाली, एकच छोटं नाव घे, घरी तुला राणी म्हणतात ना? ते पण टेस्टला लावलं. दहापैकी दहा जणांनी Rani बरोबर लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी न सांगता विचारलं, "काल कुणाचं नाव ऐकवलं होतं?" तेही जवळपास सगळ्यांना आठवलं. म्हणजे लिहायला सोपं, लक्षात राहणारं, दोन्ही परीक्षा पास. मग म्हटलं, आता शोधून दाखवा. एकालाही सापडली नाही. राणी हजारो आहेत. परत भजनवाल्या बाईच्या पेजवर जाण्याचाच रस्ता. मला इथे खरं कळलं की सोपं आणि वेगळं या दोन गोष्टी एकमेकींना ओढतात. नाव जितकं सोपं, तितकं ते आधीच कुणीतरी घेतलेलं असतं. अंकाने किंवा अंडरस्कोरने हा प्रश्न सुटत नाही. rani_07 स्क्रीनवर दिसतं, माइकवरून "राणी अंडरस्कोर शून्य सात" सांगून बघा.

म्हणून दोन तुकड्यांवर परत आलो, हाक आणि गाव. फक्त एक तुकडा असा हवा की तो फुटतच नाही. मग पहिला थोडा डळमळला तरी चालतो, कारण दुसरा एकटा टाइप केला तरी माणूस सापडतो.

घोडेगाव फुटतं. मग जवळ काय आहे? मंचर. म, अनुस्वार, च, र. Manchar. पुणे-नाशिक रोडने गेलेल्या प्रत्येकाने ते बोर्डावर वाचलंय. मंचरकर. पुकारायला मस्त, मागचं "कऽऽर" शाबूत. आणि पहिलं नाव छोटं करून ऋतू. rutumancharkar, चौदा अक्षरं, मध्ये टिंब नाही, अंक नाही. rutujaghodegaonkar अठरा होत होती. इन्स्टाची मर्यादा तीसची आहे, तिथे दोन्ही बसतात, पण पोस्टरच्या कोपऱ्यात अठरा अक्षरं मुंगीएवढी होतात.

नवी दहा माणसं घेतली, कारण जुन्यांचे कान आता तयार झाले होते. सात जणांनी हुबेहूब Rutu Mancharkar लिहिलं. बाकी तिघांचं Ritu Mancharkar, Ruthu Mancharkar आणि Rutu Mancherkar. म्हणजे दहातल्या नऊ जणांचं मंचरकर एकसारखं. Ritu आणि Ruthu साठी तिने बायोमध्ये तीच दोन स्पेलिंग एका ओळीत टाकून ठेवली. दुसऱ्या दिवशीच्या आठवणीच्या टेस्टमध्ये मराठीवाल्यांना मंचरकर पक्कं आठवलं, एसटी तिथे थांबते म्हणून. बाहेरच्यांना "रुतू काहीतरी-कर" एवढंच. तेवढी मर्यादा आहे या नावाला. तिला सध्या मराठीतच गायचंय, म्हणून आम्ही ती मान्य केली. उद्या हिंदीत उतरली तर हा हिशोब बदलेल.

मग खरी लढाई सुरू झाली. मामा.

मामा म्हणाले, "आपण मंचरचे कधी झालो रे? सहा पिढ्या घोडेगावात गेल्या. तालुक्याचं ठिकाण आपलं आहे, आणि ही नाव लावणार मंचरचं?" हे ऐकायला विनोदी वाटतं, पण मामांना खरंच लागलं होतं. त्यांचं म्हणणं, पोरीचं नाव मोठं झालं तर गावाचं व्हावं. आणि स्पेलिंगसाठी गाव बदलायचं म्हणजे बाहेरच्यांच्या सोयीसाठी आपण वाकायचं. मला याचं सरळ उत्तर देता येईना, कारण यात तथ्य आहे. मी टेस्टचे कागद दाखवले. मामांनी चष्मा लावून सगळी स्पेलिंग वाचली आणि म्हणाले, "यांना घोडेगाव लिहिता येत नाही हा आपला दोष का?"

शेवटी मामींनी विषय सोडवला. म्हणाल्या, "विठाबाई जन्मल्या पंढरपुरात. त्यांना नारायणगावकर म्हणतातच ना? जिथं कला वाढली तिथलं नाव. ही गायला शिकली मंचरच्या कॉलेजात." मामा गप्प बसले. मान्य केलं नाही, गप्प बसले. त्यांच्या बाजूने एकच अट आली: देवनागरी पोस्टरवर ऋ लिहायचा, रु नाही. "नाव मी पंचांग बघून ठेवलंय." ते तिलाही हवंच होतं. मग पोस्टरवर "ऋतू मंचरकर" आणि स्क्रीनवर Rutu Mancharkar, दोन्ही ठिकाणी कायम तेच. एकदा Rutu आणि एकदा Rutuu असं केलं तर सगळी मेहनत पाण्यात, हे तिला मी तीनदा सांगितलं.

नाव ठरल्यावर एकाच बैठकीत सगळीकडे अकाउंट उघडली, वापरायची नव्हती तिथेसुद्धा. जुनं गाणं नव्या नावावर हलवलं नाही. आधीच पाच आठवडे भांडून ते जागेवर आलं होतं, म्हटलं राहू दे. दुसरं गाणं दिवाळीनंतर नव्या नावाने टाकलं, "नवीन कलाकार" निवडून. पेजवर तिचाच फोटो आला.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या गॅदरिंगला मी गेलो होतो. निवेदकाने पुकारलं, "आणि आता येत आहेत, ऋतू मंचरकऽऽऽर." माझ्या शेजारी मामा बसले होते. टाळ्या थांबल्यावर पलीकडच्या माणसाकडे वाकून म्हणाले, "घोडेगावची आहे."